बाटलीचा तळ

फोटो आला तेव्हा आत्या दुकानातच बसली होती. धारणीत माझं औषधाचं दुकान आहे. आत्या म्हणजे या तालुक्यात तीस-एक वर्षं पायी आणि एसटीने फिरून आता निवृत्त झालेली आरोग्यसेविका. तापीकाठच्या एका गावातल्या आशाताईंनी व्हॉट्सअॅपवर दुधाच्या बाटलीचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "भाऊ, ही कोणत्या कंपनीची? चांगली आहे का? बाळ तीन महिन्यांचं आहे."

फोटोत बाटली खाटेवर आडवी पडलेली. अंगावर निळं अस्वल, एका बाजूने पुसट झालेल्या मिलीच्या खुणा, गुलाबी रिंग, पिवळसर निप्पल. अस्वलाच्या वर इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं. ते एका मोठ्या कंपनीच्या नावासारखं दिसत होतं, फक्त मधलं एक अक्षर वेगळं होतं. बाजूला 'बीपीए फ्री' असा गोल छाप.

मी फोन घेऊन त्या फोटोवरून बाटली शोधायला लागलो. आत्याने विचारलं, "काय शोधून रायला?"

"कंपनी. कंपनी कळली की चांगली का वाईट ते कळते."

"कसं कळते?"

या प्रश्नावरून आमचं जे बोलणं सुरू झालं ते संध्याकाळी शटर ओढेपर्यंत चाललं. मधे गिऱ्हाइकं येत-जात होती. दुकानदार म्हणून त्या दिवशी माझ्या काही समजुती मोडल्या आणि आत्याचीही एक मोडली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

फोटोवरून शोधल्यावर स्क्रीनवर चाळीस-पन्नास बाटल्या आल्या, सगळ्यांवर अस्वल. फोन अस्वलाला ओळखत होता, बाटलीला नाही. मी फोटो कापून नुसती रिंग आणि झाकण ठेवलं आणि पुन्हा शोधलं. आता तशाच आकाराच्या पाच-सहा कंपन्यांच्या बाटल्या आल्या. अरुंद तोंडाच्या बाटलीचा घाट सगळीकडे जवळपास सारखाच असतो, साचा कोणीही करून घेऊ शकतं.

"सापडली?" आत्या म्हणाली.

"तशी नाही. पण नामांकित कंपन्यांचं नाव बहुधा तीन जागी सापडतं. बाटलीच्या तळाला, रिंगवर आणि निप्पलच्या कडेला. कडेला म्हणजे जो भाग रिंगखाली दबतो तिथे. तिथेच निप्पलच्या भोकाची मापंही उमटवलेली असतात. ते फोटो मागवतो."

"अन् तीन जागी तीन नावं निघाली तं?"

मी गप्प झालो, कारण असं होतं हे मला माहीत होतं. निप्पल फाटलं की लोक दहा-वीस रुपयांत दुसरं घेऊन जातात. मीच विकतो. रिंग हरवली की शेजारणीच्या जुन्या बाटलीची बसवतात. मग एका बाटलीत तीन कंपन्या नांदत असतात आणि फोटोतलं अंगावरचं नाव फक्त प्लास्टिकच्या नळकांड्याचं असतं. बाळाच्या तोंडात जातं ते निप्पल, आणि त्याची काहीच ओळख नसते.

आत्या म्हणाली, "मले तं हा सारा उद्योगच उलटा वाटते. बाटली कोणाची हाय हे पाहण्याआधी बाटली काहून हाय ते विचार. या गावात पानी कुठून येते, चूल कशावर पेटते हे तुले माहीत हाय. बाटली उकळायची म्हणजे रोज लाकडं. रिंगच्या आट्यांमधी दुधाची साय बसते, तिथं ब्रश जात नाही. मी तीस वर्षांत प्लास्टिकच्या विषानं गेलेलं लेकरू पाहिलं नाही. हगवणीनं गेलेली पाहिली."

"पण बाटली त्या घरात आहेच ना आत्या. ती आजपण तोंडात जाईल, उद्यापण. तू वाटी-चमचा शिकवशील तोवर ही बाटली काय आहे ते बघायला नको?"

"बघ. पण नाव बघू नको."

तिचं हे वाक्य मी आधी नुसता आडमुठेपणा समजलो. पण कायदा उघडून पाहिला तर तोही नाव विचारत नाही. आमच्या मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून देशात बाळांच्या दुधाच्या भुकट्या आणि दुधाच्या बाटल्या यांच्याबद्दलचा कायदा लागू झाला. कायदा १९९२ चा, त्यात २००३ साली दुरुस्ती झाली. बाटलीची जाहिरात करायची नाही, ती फुकट वाटायची नाही, आणि भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, म्हणजे आपलं आयएसआय मार्क, नसलेली बाटली विकायची नाही. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुरुस्तीनंतर औषधाचं दुकानही आरोग्ययंत्रणेत धरलं गेलं. मी एकेकाळी काउंटरवर बाटलीचं पोस्टर लावलं होतं, तेही यात बसत नव्हतं. आत्यानेच ते फाडायला लावलं होतं, तेव्हा मला राग आला होता.

तर प्रश्न 'कोणत्या कंपनीची' हा नव्हता. 'मार्क आहे का, आणि तो खरा आहे का' हा होता. आणि फोटोत नेमकं तेच दिसत नव्हतं.

मी आशाताईंना फोन लावला. रेंज तुटत होती म्हणून दोनदा सांगावं लागलं. प्लास्टिकवर उठवलेली अक्षरं समोरून फोटो काढला तर दिसत नाहीत, प्रकाश आरपार जातो आणि सगळं पांढरं येतं. म्हणून म्हटलं, "ताई, बाटली रिकामी करून पुसून घ्या. आत काळं फडकं कोंबा. खोलीत थोडा अंधार करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, तिरपा धरा, वरून नको. मग तळाचा एकच फोटो, अगदी जवळून. तरी नाही दिसलं तर तळावर वहीचा पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा, नाण्याचा छापा काढतो तसं. कागदाचा फोटो पाठवा. आणि खोकं असेल तर त्याच्या चारही बाजूंचे."

"खोकं हाय," त्या म्हणाल्या. "आजीनं त्यात वालाच्या बिया ठेवल्या."

ते ऐकून मला बरं वाटलं. बहुतेक घरांत खोकं पहिल्या दिवशीच चुलीत जातं, आणि बाटलीची निम्मी कागदपत्रं त्याच्यासोबत.

फोटो यायला तासभर लागला. दरम्यान एक बाई चोखणी मागायला आली, मध भरलेली. आत्याने तिला बाकावर बसवलं आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मध का द्यायचा नाही ते सांगितलं. मधात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषाने लेकरू लुळं पडू शकतं. मग तिने माझ्या बरणीतली एक साधी चोखणी घेतली, दोन्ही हातांनी ताणली आणि त्या बाईला दाखवली. "निप्पल अन् चकती एकाच तुकड्याची पाहिजे, नाही तं तुकडा घशात जाते. चकतीले भोकं पाहिजे. चोखणी तोंडात अडकली तं हवा जायले तेवढाच रस्ता. अन् दोरी गळ्यात बांधायची नाही." चकतीला भोकं नसलेल्या चार चोखण्या माझ्याच बरणीत निघाल्या. त्या मी बाजूला काढल्या.

मग फोटो आले. पेन्सिलच्या छाप्यात तळाचा बाणांचा त्रिकोण स्पष्ट उमटला होता, मधे ७. बाकी काही नाही. कंपनीचं नाव नाही, बॅच नाही.

"सात म्हणजे वाईट ना?" आत्या म्हणाली. प्रशिक्षणात कधीतरी तिला तसं सांगितलं होतं. तिची मोडलेली समजूत ती हीच.

"नुसत्या सातावरून तसं म्हणता येत नाही. तो आकडा भंगारात प्लास्टिक वेगळं करण्यासाठी असतो, बाळासाठी नाही. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याची बाटली थोडी दुधाळ दिसते, दाबली तर किंचित दबते. सात म्हणजे 'बाकी सगळं'. त्यात पॉलिकार्बोनेट येतं, ज्यातून बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए सुटतं. पण पीपीएसयू नावाचं चांगलं महाग प्लास्टिकही सातातच येतं. ते मधासारखं पिवळसर असतं."

"ही पिवळी नाही."

"नाही. काचेसारखी स्वच्छ दिसते. म्हणजे पॉलिकार्बोनेटचा संशय घ्यायला जागा आहे. पण काचेसारखी दिसणारी दुसरीही प्लास्टिकं आहेत. फोटोवरून यापुढे कोणालाच सांगता येणार नाही आत्या, ते प्रयोगशाळेत कळतं. 'बीपीए फ्री' हा छाप तर बनवणारा स्वतःच मारतो. बाटलीच्या मानकाची २०१५ साली सुधारणा झाली तेव्हा बीपीए असलेलं प्लास्टिक बाटलीसाठी बंदच झालं. खरा परवाना असलेल्या बाटलीवर ते दोन शब्द नसले तरी चालतं, आणि परवाना नसेल तर त्या शब्दांना काही आधार नाही."

पॉलिकार्बोनेट जुनं झालं, वारंवार उकळलं, सोड्याने घासलं की त्यावर बारीक रेघांचं जाळं येतं आणि बीपीए जास्त सुटायला लागतं. म्हणजे आत्या स्वच्छतेसाठी जे करायला सांगते, उकळणं, तेच या प्लास्टिकला खराब करतं. मी हे बोललो तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे गरिबाच्या घरात उकळली नाही तं हगवण, उकळली तं हे."

खोक्याचा फोटो सर्वांत उपयोगी निघाला. एका बाजूला आयएसआय मार्क होतं. खऱ्या मार्कात तीन गोष्टी असतात. मधे चिन्ह, वर मानकाचा क्रमांक, खाली परवान्याचा क्रमांक. प्लास्टिकच्या बाटलीसाठी वर IS 14625 पाहिजे, काचेच्या बाटलीसाठी IS 5168. खाली CM/L लिहून पुढे आकडे. नुसतं चिन्ह असेल, वर-खाली काही नसेल, तर फोनही काढायची गरज नाही, ते चिन्ह खोटं.

या खोक्यावर वर IS 14625 होतं आणि खाली CM/L सह सात आकडेही होते.

"आहे की," मी म्हटलं. मला हायसं वाटलं होतं.

"छापलेलं हाय," आत्या म्हणाली. "छापायले काय लागते?"

मी BIS Care हे मानक ब्युरोचं अॅप उघडलं. त्यात Verify Licence Details अशी जागा आहे, तिथे CM/L चा आकडा टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या पत्त्यावरचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की बंद, हे समोर येतं. आकडा टाकला. चक्र फिरत राहिलं, मग पान उघडलं. परवाना खरा होता, चालूही होता. पण तो IS 14543 चा होता, म्हणजे बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचा. कारखान्याचा पत्ता वेगळ्या राज्यातला आणि खोक्यावरचा पत्ता तिसराच. कोणीतरी पाण्याच्या बाटलीवरचा क्रमांक उचलून दुधाच्या बाटलीच्या खोक्यावर छापला होता. १४५४३ आणि १४६२५, घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकसारखेच वाटतात.

मी तीन-तीनदा आकडा तपासला. पेन्सिलने वहीत लिहून, एकेक आकडा वाचून, पुन्हा टाकला. तेच आलं. नुसता 'परवाना चालू' एवढा शब्द पाहून मी अॅप बंद केलं असतं तर ही बाटली मी चांगली म्हणून सांगितली असती. परवाना चालू आहे हे पुरत नाही. वस्तू तीच आहे का आणि पत्ता खोक्यावरच्या पत्त्याशी जुळतो का, हे दोन्ही पाहायचं.

मग मी माझ्या स्वतःच्या मांडणीवरच्या बाटल्या खाली काढल्या. एकूण अकरा. आठ बरोबर निघाल्या. उरलेल्या तिन्हींवर मार्क होतं, पण परवान्याचा क्रमांकच नव्हता. त्या मी ज्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतल्या त्याचं बिल काढलं आणि माल वेगळा बांधला. विकताना मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, किंमत तेवढी पाहिली होती. दुकानात चौदा वर्षं झाली.

"आता तू काय सांगशील त्या पोरीले?" आत्याने विचारलं.

"ही वापरू नका म्हणून सांगतो. बरोबर परवान्याची पॉलिप्रॉपिलीनची पाठवून देतो, पैसे नंतर."

"अन् तिच्यात दूध उकळतं ओतलं तं?"

यावर ती जिंकली हे मला मान्य करावं लागलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांवर काम केलं. गरम पाणी घालून हलवलं की एका लिटरमागे लाखो, काही बाटल्यांत दीड कोटीहून जास्त सूक्ष्म प्लास्टिकचे कण पाण्यात उतरतात असं त्यांना आढळलं. बाळाला त्याने नेमकं काय होतं हे त्यात तपासलेलं नाही. पण गरम दूध स्टीलच्या भांड्यात कोमट करून मगच बाटलीत ओतावं, बाटलीत गरम ओतून हलवू नये, एवढं तर करता येतं. आणि हे कोणत्याही मार्कात लिहिलेलं नसतं. मार्क सांगतं की बाटली कोणत्या कसोटीला उतरली. घरात तिचं काय होतं ते मार्क सांगत नाही.

आत्याने मग माझ्या हातातून फोन घेतला आणि आशाताईंशी स्वतः बोलली. बाटलीचा विषयच काढला नाही. विचारलं, बाळाची माय कुठं हाय? ती सोयाबीन काढायला सकाळी जाते आणि दुपारनंतर येते. बाळ आजीजवळ. पोरीला दूध भरपूर, शेतात पदर ओला होतो. आजी मात्र बाळाला बकरीचं दूध पाणी घालून पाजते, आणि त्यासाठी ही बाटली आणली.

"मंग तिचंच दूध काढून ठेवायचं," आत्या म्हणाली. "हात धुवायचे, उकळलेली स्टीलची वाटी घ्यायची, जायच्या आधी हातानं दूध काढायचं. झाकण ठेवून माठाजवळ, सावलीत. चार तासांच्या आत पाजायचं, लय ऊन असलं तं त्याच्याही आधी. वाटी बाळाच्या खालच्या ओठाले टेकवायची अन् थोडी वाकडी करायची, घशात ओतायचं नाही, ते जिभेनं आपणच घेते. चमच्यानं पाजलं तरी चालते. आपल्या आया बोंडल्यानं पाजतच होत्या ना." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती स्वतः गेली. आजीच्या हातांवर वाटी धरून दाखवल्याशिवाय हे जमत नाही, फोनवर तर नाहीच, असं तिचं म्हणणं.

मी मात्र माझ्या जागी अजून ठाम आहे. प्रत्येक घरी आत्या पोचत नाही. ज्या बाळाची माय नाही, ज्या मायला खरंच दूध नाही, ज्या बाळाला डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं, अशा घरात बाटली राहणार. वाटी उत्तम आहे हे खरं, पण म्हणून बाटलीकडे डोळेझाक केली तर खोटा क्रमांक छापणाऱ्याचंच फावतं. ती म्हणते, तू बाटली चांगली करशील आणि लोकांना वाटेल बाटलीच चांगली. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

ते खोकं आशाताईंनी बिया काढून माझ्याकडे पाठवलं. त्याचे आणि अॅपवर उघडलेल्या पानाचे फोटो जोडून BIS Care मधूनच तक्रार केली आहे. मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यात खोट्या मार्कासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान दोन लाखांचा दंड आहे. बाटली आत्याने आणली नाही. तिने ती तिथेच कापली, वरचा भाग चुलीत जाऊ दिला नाही, पुरला, आणि खालच्या भागात आजीने पुन्हा वालाच्या बिया भरल्या.

तुमच्या घरी बाटली असेल तर आज एकदा ती उलटी करून तळ पाहा, आणि खोकं असेल तर टाकू नका. CM/L चा आकडा विकत घेण्याआधी, दुकानातच उभं राहून टाका. दुकानदाराला राग येऊ द्या.